जुळ्यांच्या मालिकेत ‘ती’ म्हणजे नक्की कोण? डबल रोलच्या कथानकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटीचं काम केलं. आधीच्या सीनमध्ये कोणाच्या हातात काय होतं, केस कसे होते, कोणाला काय कळलं होतं, याची वही सांभाळायचं हे काम. डबल रोल असला की त्या वहीला एक रकाना वाढवावा लागतो. प्रेक्षकांचे बहुतेक प्रश्न त्या वाढीव रकान्याबद्दलचेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत.

कथानकाबद्दल बोलताना कलाकाराचं नाव वापरलं तर काय बिघडतं?

एरवी काही बिघडत नाही. ‘अमुक अभिनेत्री नवऱ्याला सोडून गेली’ असं म्हटलं तरी समोरच्याला पात्र कळतं. डबल रोलमध्ये त्या एका नावामागे दोन माणसं असतात, आणि तेच वाक्य एकीबद्दल खरं आणि दुसरीबद्दल खोटं ठरतं. म्हणून प्रश्नात आणि उत्तरात पात्राचंच नाव घ्यावं. कलाकाराचं नाव अभिनयाबद्दल बोलताना यावं.

‘ती’, ‘हिने’, ‘तिला’ ही सर्वनामं तर आणखी घात करतात. ‘तिने तिला सांगितलं की तिचा नवरा खोटं बोलतोय’ या वाक्यात नवरा नक्की कोणाचा? जुळ्यांबद्दल लिहिताना सर्वनामं कमी आणि नावं जास्त वापरावी लागतात. वाक्य थोडं जड होतं, ते होऊ द्यावं.

एक बहीण दुसरीचं सोंग घेऊन वावरत असेल, तर त्या सीनमध्ये तिला काय म्हणायचं?

जी शरीराने तिथे हजर आहे तिचं नाव आधी, आणि जिचं सोंग घेतलंय तिचं नाव नंतर. समजा, मानसी आपल्या जुळ्या बहिणीचं, रेवाचं, सोंग घेऊन आली आहे, तर आमच्या वहीत ‘मानसी (रेवा म्हणून)’ अशी नोंद असायची. ‘नकली रेवा’ किंवा ‘खोटी रेवा’ म्हणणं मी टाळते, कारण कथा पुढे गेली की दुसरी बहीणही सोंग घेते आणि मग नकली दोघीही होतात.

म्हणजे कलाकार एक, पात्रं दोन आणि पडद्यावर दिसणारे अवतार चार: रेवा, मानसी, मानसी (रेवा म्हणून) आणि रेवा (मानसी म्हणून). कथानकाच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी त्या सीनमध्ये चारांपैकी कोण आहे हे ठरवायला लागतं.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. ‘द व्हॅम्पायर डायरीज’ या मालिकेत नीना डोब्रेव्ह एलेना आणि कॅथरीन अशा दोन भूमिका करते. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात, 2010 साली, डेमन घराच्या दारात एलेनाचं चुंबन घेताना दिसतो. ‘पहिल्या पर्वात एलेना आणि डेमन यांचं चुंबन झालं का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तिथे कॅथरीन (एलेना म्हणून) उभी होती, आणि थोड्याच वेळात स्वयंपाकघरातल्या हल्ल्याच्या सीनमध्ये ते उघड होतं. पण ‘आपण एलेनाचं चुंबन घेतलं असं डेमनला त्या क्षणी वाटत होतं का?’ याचं उत्तर ‘हो’ आहे. एकाच सीनबद्दलची ही दोन उत्तरं उलटी दिसतात आणि दोन्ही बरोबर आहेत. घडलं काय आणि कोणाला काय वाटलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डबल रोलमध्ये ते वेगळे ठेवावेच लागतात.

या दोघी जुळ्या बहिणी नाहीत, शतकांच्या अंतराने जन्मलेल्या हुबेहूब दिसणाऱ्या स्त्रिया आहेत. नात्याच्या प्रश्नाला याने फरक पडतो. कोण हजर होतं हे ठरवण्याची रीत मात्र तीच राहते.

सोंग घेणाऱ्या बहिणीला दुसरीच्या आयुष्यातलं काय काय माहीत असतं?

फक्त तेवढंच, जे तिला कळताना आपण पाहिलं आहे किंवा सोंग घेण्याआधी तिला माहीत होतं. चेहऱ्याबरोबर आठवणी मिळत नाहीत. प्रेक्षक मात्र हे फार लवकर विसरतो, कारण दुसरीच्या आठवणी त्याने त्याच चेहऱ्यावर पाहिलेल्या असतात.

‘ऑर्फन ब्लॅक’ (2013 ते 2017) ही मालिका पहिल्याच भागापासून याच अडचणीवर उभी आहे. तातियाना मास्लानीची सारा आपल्यासारख्याच दिसणाऱ्या बेथला रेल्वेखाली जीव देताना पाहते आणि बेथच्या जागी जाऊन बसते. बेथ पोलीस असते. तिच्या हातून एका महिलेला गोळी लागलेली असते आणि त्याची चौकशी सुरू असते. आता त्या चौकशीत उत्तरं साराने द्यायची. ‘बेथने चौकशीत अशी टाळाटाळ का केली?’ हा प्रश्न मुळात चुकीचा उभा राहतो. चौकशीला गेली ती सारा (बेथ म्हणून), आणि तिच्याकडे टाळाटाळीशिवाय काही नव्हतंच.

‘अमुक भागात तिला हे कळलं होतं, मग नंतर तिला धक्का का बसला?’ ही लेखकांची चूक नाही का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून एक कल्पित कथानक घेऊन नीट सोडवू.

समजा, रेवा आणि मानसी जुळ्या बहिणी. रेवाचा नवरा समीर. मानसीचा साथीदार विक्रांत. 41 व्या भागात रेवाला अपघात होतो, ती दुसऱ्या गावच्या रुग्णालयात बेशुद्ध आहे, आणि मानसी रेवा बनून घरात शिरते. 44 व्या भागात समीर बायकोला कबुली देतो की त्याने घर गहाण ठेवलं आहे. 47 व्या भागात रेवा शुद्धीवर येते आणि आपल्या दिराला फोन करते. 49 व्या भागात घराच्या कागदांवर ‘रेवा’ सही करते. 52 व्या भागात रेवा घरी परतते, गहाणखत तिच्या हाती लागतं आणि ती हादरून खाली बसते.

प्रेक्षकाचा प्रश्न येतो: ‘44 व्या भागात समीरने स्वतः सांगितलं होतं, मग 52 व्या भागात रेवाला धक्का कसा?’

वहीत 44 व्या भागासमोर लिहिलंय: हजर मानसी (रेवा म्हणून). सांगणारा समीर, त्याच्या मते समोर रेवा. ऐकणारी मानसी. त्या दिवशी रेवा बेशुद्ध. म्हणजे गहाणाची गोष्ट 44 व्या भागानंतर समीर, मानसी आणि प्रेक्षक अशा तिघांना ठाऊक आहे. रेवा त्यात नाही. 47 व्या भागातल्या फोनवर दीर काही बोलला का? दिराला गहाणाचं माहीतच नव्हतं, त्यामुळे तो सांगू शकत नाही. म्हणून 52 व्या भागातला धक्का बरोबर आहे आणि लेखकाने काही विसरलेलं नाही.

इथे समीरची बाजू पाहण्यासारखी आहे. त्याच्या हिशोबाने त्याने बायकोला आठ भाग आधीच सगळं सांगितलं आहे आणि तिने त्याला माफही केलं आहे. 52 व्या भागात तीच बायको पुन्हा हादरते, तेव्हा त्याला संशय यायला हवा. तो आला नाही, तर मला तिथे त्रुटी दिसते. प्रेक्षक रेवाच्या धक्क्यावर बोट ठेवतात. खरी ढिलाई समीरच्या न आलेल्या संशयात असते.

आता 49 व्या भागातली सही. सही मानसीने केली आहे, अक्षर रेवाचं नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने ती खोटी सही आहे. ‘रेवाने घर विकलं का?’ याचं उत्तर ‘रेवाच्या नावाने मानसीने कागद केले’ असं पूर्ण वाक्यात द्यावं लागतं. नुसत्या ‘हो’ किंवा ‘नाही’ने दोन्हीकडून दिशाभूल होते.

आणि सोंगावर सोंग असेल तर?

हेच कथानक थोडं पुढे नेऊ. 54 व्या भागात विक्रांत मानसीला भेटायला येतो. तिथे खरी रेवा असते, आणि त्याच्याकडून माहिती काढायची म्हणून ती ‘मी मानसीच आहे, रेवा बनून बसले आहे’ असं भासवते. म्हणजे रेवा मानसी बनली आहे, जी रेवा बनली आहे. बाहेरून पाहिलं तर रेवा रेवासारखीच दिसते.

अशा सीनमध्ये वेशभूषा कामाची नसते, कारण कपडे रेवाचेच असायला हवेत. ओळख पटते ती ती कोणाशी कसं बोलते यावरून. नोकरासमोर ती रेवासारखी बोलेल आणि दार लागल्यावर विक्रांतसमोर मानसीसारखी. पण मानसीसारखं बोलताना ती कुठेतरी अडखळेल, कारण मानसी आणि विक्रांत यांच्यात खाजगीत काय ठरलं होतं हे तिला माहीत नाही. चांगला लेखक विक्रांतच्या तोंडी अर्धवट वाक्य देतो, ‘त्या दिवशी ठरलं तसंच ना?’, आणि कलाकार उत्तराआधी क्षणभर थांबते. तो थांबा म्हणजे प्रेक्षकाला दिलेली खूण असते.

मला अशा सीनमधला अभिनय सगळ्यात कठीण वाटतो. मानसी (रेवा म्हणून) करताना कलाकाराने हुबेहूब रेवा करायची नसते, मानसीला जमेल तेवढीच रेवा करायची असते. दोन्ही सारख्याच सफाईने केल्या, तर प्रेक्षकाकडे ओळखायला काहीच उरत नाही आणि नंतरचा खुलासा फसवणुकीसारखा वाटतो.

खरी चूक कशी ओळखायची मग?

माहितीचा रस्ता शोधून. पात्राला एखादी गोष्ट माहीत आहे असं दिसलं, तर ती कोणत्या सीनमध्ये, कोणाकडून पोचली ते मागे जाऊन पाहायचं. समजा 57 व्या भागात रेवा समीरला म्हणते, ‘त्या रात्री गच्चीवर तूच म्हणालास ना, की आईचे दागिनेही गेले.’ गच्चीवरचा तो सीन 45 व्या भागात आहे आणि तिथे मानसी होती. मधल्या भागांत मानसीने रेवाला ते सांगितलं नसेल, समीरने पुन्हा उल्लेख केला नसेल आणि कोणी तिसरं ऐकणारं नसेल, तर ही नक्की चूक. संवाद लिहिणारा ‘समीर आणि त्या चेहऱ्याचं बोलणं झालंय’ एवढंच लक्षात ठेवून लिहून गेला.

रोजच्या मालिकेत असं होण्याला कारण आहे. कथा एक जण बांधतो, पटकथा दुसरा लिहितो, संवाद तिसरा, आणि कधी कधी संवाद शूटिंगच्या आदल्या रात्री येतात. वीस भागांपूर्वीच्या सीनमध्ये कोण कोणाच्या वेशात होतं, हे प्रत्येकाच्या डोक्यात असेलच असं नाही.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. दोन भागांच्या मधे कथेतला वेळ गेला असेल, ‘तीन दिवसांनंतर’ अशी पाटी आली असेल आणि दोघी बहिणी त्या वेळात एकमेकींना भेटल्याचं सूचित असेल, तर माहिती पडद्यामागे पोचली असू शकते. तेव्हा ‘चूक’ म्हणू नये, ‘दाखवलेलं नाही’ असं म्हणावं.

तीळ, भांग, जखम यांवरून कोण आहे ते ओळखता येतं का?

बहुतेकदा येतं, पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. संकलन करताना कधी कधी शॉट आडवा उलटवतात, आरशात दिसतो तसा. दोन माणसं एकमेकांकडे पाहतायत असं वाटायला एकीची नजर उजवीकडे आणि दुसरीची डावीकडे हवी असते. ती चुकून एकाच दिशेला शूट झाली, तर शॉट उलटवून वेळ मारून नेतात. उलटवला की डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे जातो आणि भांगही बाजू बदलतो. लगेच चर्चा सुरू होते, की ही मानसी नाहीच.

अशा वेळी मागच्या भिंतीवरचं घड्याळ, कुठल्या पाटीवरची अक्षरं, शर्टाची बटणपट्टी, हातातलं घड्याळ पाहावं. तेही उलटे असतील तर शॉट उलटवलेला आहे आणि तिळाला काही अर्थ नाही. बाकी सगळं सुलटं असून फक्त तीळच बाजू बदलून बसला असेल, तर एक तर मेकअपची चूक किंवा मुद्दाम दिलेली खूण. पुढच्या दोनतीन सीनमध्येही तो त्याच जागी राहिला तर खूण समजायला हरकत नाही.

माझ्या हातून एकदा याच्या उलट घडलं होतं. एका बहिणीच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. दिवसभर एकीचे आणि संध्याकाळी दुसरीचे सीन लावले होते, आणि मधल्या घाईत डाग पुसायचा राहिला. मॉनिटरवर मलाही दिसला नाही. तो भाग प्रसारित झाला आणि लोकांनी ‘बहिणींची अदलाबदल आधीच झाली आहे’ असा पक्का निष्कर्ष काढला. त्यांचा तर्क चोख होता, चूक आमची होती. त्या दिवसापासून मी पात्र बदललं की आधी हात तपासायची आणि मगच चेहरा.

दोघी एका फ्रेममध्ये येतात तेव्हा ते कसं करतात? आणि कथेशी त्याचा काय संबंध?

सोपी आणि जुनी रीत म्हणजे कॅमेरा तिवईवर पक्का बांधून तोच शॉट दोनदा घ्यायचा. एकदा कलाकार डावीकडे रेवा म्हणून, मग कपडे, केस, मेकअप बदलून उजवीकडे मानसी म्हणून. नंतर दोन्ही अर्धी चित्रं जोडायची. दोन्ही वेळा लेन्स, फोकस आणि दिवे तसूभरही हलता कामा नयेत. जोडाची रेघ दाराच्या चौकटीवर किंवा खांबावर लपवतात. एकीची सावली त्या रेघेपलीकडे गेली, की ती मधेच कापल्यासारखी दिसते आणि जोड उघडा पडतो. साधारणपणे सीन जिच्या संवादांवर चालतो तिची बाजू आधी घेतात, कारण तिची लय ठरली की दुसरीला त्या लयीत उत्तरं देता येतात.

कॅमेरा हलवायचा असेल तर तीच हालचाल हुबेहूब पुन्हा करणारं संगणकावर चालणारं यंत्र लागतं. रोजच्या मालिकेला तेवढा वेळ नसतो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती सोडून साधारण 22 मिनिटं भरायची असतात आणि रोज एक भाग द्यायचा असतो. म्हणून बहुतेक संवाद बॉडी डबलच्या पाठीवरून घेतात: समोर कलाकार, आणि कॅमेऱ्याकडे पाठ केलेली तेवढ्याच उंचीची दुसरी मुलगी. ‘ऑर्फन ब्लॅक’मध्ये हे काम कॅथरीन अलेक्झांड्र करायची, आणि ती समोरच्या पात्राचे संवादही पूर्ण अभिनयासह द्यायची.

कथेशी संबंध असा, की या अडचणी कथेत झिरपतात. जुळ्या बहिणी वर्षांनी भेटल्या तरी मिठी थोडक्यात आटपतात, मोठी भांडणं टेबलाच्या दोन बाजूंनी होतात, आणि कित्येक आठवडे दोघी एकाच घरात असून समोरासमोर येत नाहीत. ‘त्या एकमेकींशी सरळ बोलत का नाहीत? दोन मिनिटांत गैरसमज मिटेल!’ या प्रश्नाचं कथेतलं उत्तर शोधून हाती फार काही लागत नाही. उत्तर शूटिंगच्या वेळापत्रकात असतं.

प्रोमोत दोघी भांडताना दाखवल्या, भागात तसं काहीच नव्हतं. मग कोणतं खरं?

भाग. प्रोमोत वेगवेगळ्या सीनचे शॉट शेजारी लावता येतात आणि चेहरा एकच असल्यामुळे रेवाच्या वाक्याला मानसीचा चेहरा सहज चिकटतो. कथानकाच्या उत्तरात प्रोमो पुरावा म्हणून घेऊ नये.

स्वप्न आणि भास यांचंही तसंच. आरशातून रेवाशी बोलणारी ‘मानसी’ ही मानसी नसते, ते रेवाचं मन असतं. त्या सीनमध्ये मानसीला काही कळत नाही आणि मानसी काही सांगतही नाही.

दोन्ही पात्रांचं नावही एकच असेल तर?

तर नावाला जोड द्यावी लागते. 1982 च्या ‘अंगूर’ चित्रपटात संजीव कुमारच्या दोन्ही भूमिकांचं नाव अशोक आहे आणि देवेन वर्माच्या दोन्ही भूमिकांचं बहादुर. तिथे ‘लग्न झालेला अशोक’ आणि ‘बाहेरगावहून आलेला अशोक’ असं म्हणावं लागतं. ही जोड कथेत शेवटपर्यंत न बदलणारी हवी. ‘निळ्या शर्टातला’ म्हणाल, तर शर्ट पुढच्या सीनमध्ये बदलतो.

‘दोघींपैकी कोण मेली?’ याचं उत्तर कसं ठरवायचं?

शव दिसलं म्हणून नाही, आणि कोणी ओळख पटवली म्हणूनही नाही, कारण ओळख पटवणाऱ्याला दोघींमधला फरक कळत असता तर ही कथाच उभी राहिली नसती. ती व्यक्ती कोण हे ज्या सीनमध्ये शेवटचं निर्विवाद ठरलं होतं, तिथपर्यंत मागे जायचं. म्हणजे ती एकटी असताना, कोणाला फसवायचं नसताना, ती कोण म्हणून वागली तो सीन. तिथून मृत्यूच्या सीनपर्यंत ती सतत नजरेसमोर होती का? मधे दोघी एका खोलीत शिरल्या, दिवे गेले आणि एकच बाहेर आली, असं काही झालं असेल तर उत्तर ‘अजून सांगितलेलं नाही’ एवढंच देता येतं.

जी जिवंत राहिली ती शोक करताना कोणाचं नाव घेते, हेही लोक पुरावा म्हणून देतात. त्या वेळी खोलीत आणखी कोणी होतं का, एवढं पाहावं. कोणी असेल तर ते शब्द त्याच्यासाठी असू शकतात. खोलीत ती खरोखर एकटी असेल आणि तरीही तिने ‘मानसी’ म्हणून हाक मारली असेल, तर आमच्या वहीत त्या सीनसमोर कंस न घालता लिहिलं जायचं: हजर रेवा.